ओव्हरची कार्यशाळा: दोन तासांत काय घ्यायचं, काय सोडायचं

प्रश्न: मी नागपुरात एका खाजगी रुग्णालयात नर्सिंग एज्युकेटर आहे. वॉर्डातल्या सिस्टर्ससाठी ‘ओव्हर नीट कसा द्यायचा’, म्हणजे ड्युटी बदलताना पुढच्या सिस्टरला रुग्णांची माहिती नीट कशी सोपवायची, यावर कार्यशाळा घ्यायला मेट्रननी सांगितलंय. मिळून दोन तास मिळतील, तेही मॉर्निंग ड्युटी संपल्यावर. अठरा जणी असतील, काही वीस-वीस वर्षं काम केलेल्या, काही गेल्याच वर्षी जीएनएम झालेल्या. प्रौढांच्या शिक्षणाची तत्त्वं वाचली आहेत, पण एवढ्याशा वेळात ती बसवायची कशी?

उत्तर:

दोन तास एका दमात घेऊ नका. ऐंशी मिनिटं आधी घ्या आणि उरलेली चाळीस मिनिटं दोन आठवड्यांनी. मेट्रनना एवढं एक पटवता आलं तर अर्धं काम झालं म्हणून समजा. सकाळी आठपासून उभं राहिलेल्या बाईला दुपारी अडीचला जेवण देऊन ऐंशी मिनिटं बसवता येतं; साडेचारपर्यंत बसवलं तर शेवटची चाळीस मिनिटं तिचं लक्ष हिंगण्याच्या नाहीतर कामठीच्या बसकडे असतं. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. मधल्या दोन आठवड्यांत ती वॉर्डात रोज ओव्हर देणार आणि घेणार आहे. तो सराव तुम्हाला फुकट मिळतोय, तो कार्यशाळेच्या पोटात घ्या.

आता तत्त्वांबद्दल. माल्कम नोल्स या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने १९६८ पासून अँड्रागॉजी, म्हणजे प्रौढांच्या शिक्षणाचा, विचार लावून धरला. मोठ्या माणसाला आधी ‘हे मी का शिकू’ याचं उत्तर लागतं, त्याच्या गाठीशी अनुभव असतो, आपलं आपण ठरवायची त्याला सवय असते, आणि समोर उभ्या असलेल्या अडचणीसाठी तो शिकतो, अशी त्याची मांडणी. हे वाचून बरेच प्रशिक्षक एक निष्कर्ष काढतात: मोठी माणसं आहेत, त्यांना बोलू द्यावं, चर्चा घडवावी. दोन तासांच्या कार्यशाळेचा बहुतेक वेळा इथेच घोळ होतो. नोल्सने मांडली ती गृहीतकं होती, प्रयोगातून सिद्ध झालेले नियम नव्हेत. शिवाय लहानांचं शिकणं वेगळं आणि मोठ्यांचं वेगळं असा जो कडक भेद त्याने सुरुवातीला केला, तो १९८० पर्यंत त्याने स्वतःच सैल केला. परिस्थितीप्रमाणे कधी हे टोक धरावं, कधी ते, असं तो म्हणू लागला. पंचेचाळीस वर्षांची अनुभवी सिस्टरसुद्धा एखादी गोष्ट अगदी नव्याने शिकत असेल तर तिला पायरीपायरीने दाखवावंच लागतं. उलट जी गोष्ट तिला हाताखालची आहे ती पायरीपायरीने समजावलीत तर ती वैतागते, आणि तिचं कामही आधीपेक्षा सरस होत नाही. म्हणून वयाकडे बघू नका. या नेमक्या कामात ही बाई नवखी आहे की सरावलेली, एवढं बघा.

तुमच्या ऐंशी मिनिटांसाठी मी नोल्समधून दोनच गोष्टी घेईन: ‘का शिकू’ याचं उत्तर आणि गाठीशी असलेला अनुभव. आणि या दोन्ही एकाच कृतीतून आणायच्या. ती कृती पुढे सांगतो, पण त्याआधी थोडी तयारी लागते.

कार्यशाळेच्या आदल्या आठवड्यात चार-पाच वेळा दुपारी दोनला आणि रात्री आठला वॉर्डात जाऊन नुसत्या उभ्या राहा. कागदावर रुग्णाचं नाव लिहू नका. एका रुग्णाचा ओव्हर किती वेळ चालला, घेणाऱ्या सिस्टरने काय विचारलं, आणि पुढच्या तासाभरात तिला कशासाठी परत फाइल उघडावी लागली किंवा घरी निघालेल्या सिस्टरला फोन करावा लागला, एवढंच टिपा. ‘तुम्हाला कोणत्या विषयावर प्रशिक्षण हवं’ असा फॉर्म वाटून काही हाती लागत नाही; सगळ्या जणी ‘कम्युनिकेशन स्किल्स’ लिहितात. त्याऐवजी प्रत्येक वॉर्डाच्या इन-चार्ज सिस्टरला एकच विचारा: गेल्या महिन्यात ओव्हरमध्ये काय सुटलं, आणि ते कोणाच्या कधी लक्षात आलं?

या पाहणीत एक गोष्ट तपासून घ्यायची असते. मेडिकल सुपरिंटेंडेंट बाजूला उभे असताना ओव्हर नीट होतो आणि एरवी होत नाही, असं दिसलं तर सिस्टर्सना तो देता येतोच. मग अडचण कौशल्याची नाही. इव्हिनिंगची सिस्टर दोन वाजून दहा मिनिटांनी पोचते आणि मॉर्निंगच्या सिस्टरला सव्वादोनची बस धरायची असते, म्हणजे पंधरा रुग्णांसाठी पाच मिनिटं उरतात. याला कार्यशाळा हा उपाय नाही, ड्युटीच्या वेळा पंधरा मिनिटांनी एकमेकींवर चढवणं हा आहे. असं दिसलं तर आधी मेट्रनशी बोला. ते न करता घेतलेली कार्यशाळा सिस्टर्सना दोष देऊन मोकळी होते, आणि त्यांना ते बरोबर कळतं.

आता उद्दिष्ट. ‘ओव्हरचं महत्त्व समजेल’ हे उद्दिष्ट नव्हे, कारण ते समजलं की नाही हे वॉर्डात डोळ्यांना दिसत नाही. मी असं लिहीन: *सिस्टर खाटेपाशी उभी राहून, एका रुग्णाचा ओव्हर तीन मिनिटांच्या आत देईल, त्यात पुढच्या काही तासांत कशावर लक्ष ठेवायचं आणि काय झालं तर कोणाला कळवायचं हे आकड्यासकट सांगेल, आणि घेणारी सिस्टर ते स्वतःच्या शब्दांत परत म्हणून दाखवेल.* अवघड रुग्णाला तीन मिनिटं, साध्याला अर्धं मिनिटही पुरतं. एवढं एकच उद्दिष्ट. औषधांच्या चुका, रजिस्टर लिहिण्याची पद्धत, नातेवाइकांशी बोलणं हे सगळं सोडा, वेगळ्या दिवसासाठी ठेवा.

सोडण्याच्या यादीत मी एक गोष्ट मुद्दाम घालतो, कारण ती प्रत्येक प्रशिक्षकाला आवडते: एसबारचा इतिहास. माहिती चार भागांत सांगायची ही पद्धत अमेरिकी नौदलातून आली, कायझर परमनंटेच्या रुग्णालयांनी ती आरोग्यसेवेत आणली, जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये रुग्णसुरक्षेचे नऊ उपाय सुचवले त्यांत हस्तांतरणाच्या वेळचा संवाद हा एक होता. हे सगळं खरं आहे, रंजकही आहे, पण यातल्या एकाही वाक्याने सिस्टरच्या दोन वाजताच्या ओव्हरमध्ये फरक पडत नाही. रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या एनएबीएचचे मुद्देही तसेच. ते तुमच्या अहवालात घाला, कार्यशाळेत नकोत.

आता ती कृती. कार्यशाळेची पहिली पाच मिनिटं स्वागत आणि वेळेचं वचन: ‘तीन वाजून पन्नास मिनिटांनी आपण उठणार’, आणि खरंच उठायचं. त्यानंतर काहीही न शिकवता लगेच एक केस हातात द्यायची. तीन-तीन जणींचे सहा गट. गट पाडताना इन-चार्जबरोबर इन-चार्ज, नवीनबरोबर नवीन बसवा. कोणत्याही सीनियरला तिच्याच हाताखालच्या मुलीसमोर पहिल्याच दहा मिनिटांत चुकायची वेळ येऊ देऊ नका. ती एकदा गप्प झाली की पुढे उघडत नाही.

केस अशी, चार्टच्या भाषेत बारा-चौदा ओळींची. खाट क्रमांक १२, पुरुष, वय ५८, वजन ६० किलो, मधुमेह, पोटाच्या शस्त्रक्रियेनंतरचा दुसरा दिवस. सकाळी आठला पल्स ८८, बीपी १३०/८०. अकरा ते एक या दोन तासांत युरिन मिळून ४० मिली. एक वाजता पल्स ११६, बीपी १०८/७०. दीडला आरएमओना, म्हणजे ड्युटीवरच्या डॉक्टरांना, कळवलं. त्यांनी ५०० मिली सलाईन एका तासात द्यायला सांगितलं, ते १:४० ला लावलं. आरएमओ म्हणाले, दोन ते तीन या तासात युरिन ३० मिलीच्या आत राहिली किंवा तीनला पल्स ११० च्या वर असला तर मला परत बोलवा. बाकीच्या ओळी रोजच्या: दुपारची अँटिबायोटिक दिली, पुढची रात्री आठला, शुगर दर सहा तासांनी, ड्रेन १५० मिली, नातेवाईक डिस्चार्ज कधी म्हणून विचारतायत. (या केसमधले आकडे तुमच्या सर्जन किंवा आयसीयूच्या डॉक्टरांना आधी दाखवून घ्या. प्रौढ माणसाची युरिन ताशी दर किलोला अर्धा मिलीच्या खाली जाऊ नये हा नेहमीचा ठोकताळा धरून साठ किलोला ३० मिली आले आहेत, पण तुमच्या रुग्णालयाचा प्रोटोकॉल तोच अंतिम.)

एकीने चार्ट दोन मिनिटं वाचायचा आणि रोज देते तसा ओव्हर द्यायचा, ज्या भाषेत वॉर्डात देते त्याच भाषेत. आपल्याकडे तो मराठी, हिंदी आणि इंग्रजी शब्दांची सरमिसळ असतो, केरळकडच्या सिस्टर असतील तर हिंदीत. शुद्ध मराठीचा किंवा इंग्रजीचा आग्रह धरलात तर त्या भाषेचा सराव होईल, ओव्हरचा नाही. दुसरीने घ्यायचा. तिसरीने फक्त घड्याळ बघायचं.

बहुतेक गटांत काय ऐकू येतं ते सांगतो. “बारा नंबर, पोस्ट-ऑप सेकंड डे, डायबेटिक आहे. अँटिबायोटिक दिली, आठची ड्यू आहे. सलाईन चालू आहे, कॅथेटर आहे, ड्रेन दीडशे. युरिन जरा कमी होती, आरएमओंना सांगितलंय. बाकी स्टेबल. शुगर सहा तासांनी करा जी, आणि नातेवाईक सारखे विचारून राहिले डिस्चार्जचं.” यात एकही वाक्य खोटं नाही. म्हणूनच ही केस चांगली आहे.

आता चार्ट उलटा ठेवायला सांगा आणि घेणाऱ्या सिस्टरला कोऱ्या चिठ्ठीवर तीन उत्तरं लिहायला लावा: पुढच्या तासाभरात या रुग्णापाशी पहिलं काय बघाल? किती आकडा आला तर फोन कराल? कोणाला? ही चिठ्ठी मोठ्याने वाचायची नाही, गोळा करायची नाही. ती तिच्याच हातात राहते. “सलाईन चालू आहे” या तीन शब्दांत तासाभरात संपणारी ५०० मिलीची बाटली लपली, आणि “सांगितलंय” या शब्दात तीन वाजताची जबाबदारी लपली, हे तिला चिठ्ठीच्या दुसऱ्या ओळीवर पेन अडलं की कळतं. ‘हे मी का शिकू’ या प्रश्नाचं उत्तर तिला इथे मिळतं, आणि ते तिच्या स्वतःच्या कामातून मिळतं. त्यासाठी तुम्हाला एकही आकडेवारी दाखवावी लागत नाही. या सगळ्याला पंधरा मिनिटं.

मग बारा मिनिटं तुम्ही बोलायचं. हो, बारा मिनिटं सरळ समजावून सांगायचं. प्रौढांना व्याख्यान चालत नाही असं नाही. गरज पटलेली असताना नेमकं सांगितलेलं त्यांना हवंच असतं. खिशात मावेल असं एक कार्ड द्या, त्यावर एसबारच्याच चार ओळी: आत्ता काय चाललंय, मागचं काय, मला काय वाटतं, आता काय करायचं. पाचवी ओळ घेणाऱ्या सिस्टरसाठी: परत म्हणून दाखवते. बारा नंबरचाच नीट ओव्हर तुम्ही स्वतः करून दाखवा:

“बारा नंबर, पोटाचं ऑपरेशन, दुसरा दिवस. आत्ता याच्याकडेच जास्त लक्ष ठेवायचं. सकाळपासून युरिन कमी होत गेली, अकरा ते एक फक्त चाळीस मिली. पल्स अठ्ठ्याऐंशीचा एकशे सोळा झाला, बीपी एकशे तीसचं एकशे आठ. मला वाटतं पाणी कमी पडतंय किंवा आतून काहीतरी सुरू आहे, नक्की सांगता येत नाही, पण सकाळसारखा हा नाही. दीडला आरएमओंना सांगितलं, पाचशे सलाईन एका तासात, एक चाळीसला लावलंय. आपण आत्ता मिळून युरोबॅग रिकामी करू. तीनला मोजा: तीसच्या आत असेल किंवा पल्स एकशे दहाच्या वर असेल तर आरएमओंना परत बोलवा. अँटिबायोटिक आठला, शुगर चार्टवर आहे.”

आणि घेणारी: “तीनला युरिन मोजायची, पल्स बघायचा. तीसच्या आत किंवा एकशे दहाच्या वर, तर आरएमओ. आणि बाटली दोन चाळीसला संपेल, तेव्हा बघते.” शेवटचं वाक्य तिला कोणी सांगितलं नव्हतं, तिने जोडलं. परत म्हणून दाखवण्याचा खरा उपयोग हाच आहे.

या चार ओळींपैकी तिसरीवर थांबा. ‘मला काय वाटतं’ ही ओळ आपल्याकडच्या सिस्टर्सना सगळ्यांत जड जाते. आकडे सांगता येतात, औषधं सांगता येतात, पण ‘मला काळजी वाटते’ असं म्हणायची सवय नसते. ते डॉक्टरांचं काम, आपण कसं म्हणायचं, असं नर्सिंग स्कूलपासून अंगात मुरलेलं असतं. इथे नुसतं ‘बिनधास्त बोला’ म्हणून काही होत नाही. तोंडात बसेल असं वाक्य द्यावं लागतं. मी हे देतो: “निदान मी सांगत नाही, पण सकाळपेक्षा आत्ता मला याची जास्त काळजी वाटते, कारण…” ‘कारण’च्या पुढे एक आकडा किंवा डोळ्यांनी बघितलेली एक गोष्ट यायलाच हवी. हे वाक्य सगळ्यांकडून एकदा मोठ्याने म्हणवून घ्या. पोरकट वाटेल, पण तोंडाने एकदाही न म्हटलेलं वाक्य ऐन वेळी वॉर्डात येत नाही. अनुभव इथे कामाला येतो: वीस वर्षांच्या सिस्टरला विचारा की आकडे बिघडायच्या आधी तुम्हाला कशावरून शंका आली होती. “हात गार लागला होता”, “नेहमी बोलणारा माणूस भिंतीकडे तोंड करून पडला होता” अशी उत्तरं येतात. ती फळ्यावर लिहा. नवीन मुलींना ही माहिती पुस्तकात मिळत नाही.

एक मर्यादा याच बारा मिनिटांत सांगून टाका. खाटेपाशी नातेवाईक उभे असतात. संसर्गाची माहिती, घरगुती गोष्टी, गंभीर निदान जे अजून घरच्यांना सांगितलेलं नाही, हे नर्सिंग स्टेशनवर बोलायचं आणि खाटेपाशी फक्त चालू स्थिती आणि पुढचं काम.

यानंतरची तीस मिनिटं कार्यशाळेचा गाभा आहेत, त्यांना हात लावू नका. दहा-दहा मिनिटांच्या तीन फेऱ्या, प्रत्येकीला वेगळी केस, म्हणजे तिघींनाही देणारी, घेणारी आणि बघणारी अशा तिन्ही भूमिका मिळतात. तीन मिनिटं ओव्हर, एक मिनिट परत म्हणणं, चार मिनिटं आपापसात बोलणं, दोन मिनिटं जागा बदलायला आणि पुढची केस वाचायला. सगळे गट एकाच वेळी करतील. समोर बोलावून दोघींकडून नाटक करून घेऊ नका. सोळा जणी बघत असल्या की दोघी हसतात, अभिनय करतात आणि सोळा जणींचा सराव होत नाही. बघणाऱ्या सिस्टरला कार्डावर दोनच गोष्टी टिपायला सांगा: आकड्यासकट ‘काय झालं तर कोणाला’ आलं का, आणि परत म्हणताना नुसते शब्द फिरवले की अर्थ पोचला. दुसरी गोष्ट ओळखायची खूण सोपी आहे. परत म्हणून झाल्यावर तिने विचारायचं, “आणि पस्तीस मिली झाली तर?” ज्या सिस्टरला अर्थ पोचलाय ती क्षणभर विचार करून सांगते, “तीसच्या वर आहे म्हणून लगेच फोन नाही, पण पल्स बघते, चारला परत मोजते.” जिने पोपटपंची केली ती परत कार्डाकडे बघते.

नव्या मुलींच्या कार्डामागे बारा नंबरचा पूर्ण नमुना छापून द्या, पहिल्या फेरीत त्यांना तो बघू द्या आणि तिसऱ्या फेरीत कार्ड खिशात ठेवायला सांगा. सीनियरना नमुना नको, त्यांना गुंतागुंतीची केस द्या, एकाच वेळी दोन रुग्ण बिघडतायत अशी.

हमखास एक अडचण इथे येते. चार मिनिटांच्या गप्पांत कोणीतरी म्हणतं, “हे सगळं खरं आहे ताई, पण पंचवीस पेशंटला दोन स्टाफ असतो, कधी करायचं हे?” आणि बघता बघता सगळ्या खोलीची चर्चा पगार आणि ड्युटीवर जाते. तक्रार खरी असते, म्हणून तिला दडपू नका. पण तुमच्याकडे तिचं उत्तर नसतं. भिंतीवर आधीच एक मोठा कागद लावून ठेवा, वर लिहा ‘मेट्रनकडे न्यायचं’. ती गोष्ट तिच्याच शब्दांत, नाव न घालता लिहा आणि फेरी पुढे चालू करा. हा कागद मात्र खरोखर मेट्रनकडे जायला हवा आणि दुसऱ्या सत्रात त्याचं उत्तर यायला हवं, ‘नाही’ असलं तरी. एकदा कागद तसाच राहिला तर पुढच्या कोणत्याही कार्यशाळेत तुमच्यावर विश्वास राहणार नाही.

शेवटच्या अठरा मिनिटांपैकी दहा मिनिटं प्रत्येकीने आपल्या वॉर्डासाठी एकच वाक्य लिहायचं, ‘जेव्हा… तेव्हा…’ या साच्यात. “यापुढे ओव्हर नीट देईन” हा संकल्प झाला, तो टिकत नाही. “दोन वाजता मी इव्हिनिंगच्या सिस्टरबरोबर पहिल्या खाटेपाशी पोचले की फाइल उघडायच्या आधी ‘आज याच्यात काय बघायचं’ ते सांगेन” हे वाक्य वेळ, जागा आणि कृती ठरवून देतं. वेळ-जागा ठरवून लिहिलेला बेत नुसत्या इच्छेपेक्षा जास्त वेळा अमलात येतो, यावर मानसशास्त्रात भरपूर काम झालंय. उरलेल्या आठ मिनिटांत एक नवी छोटी केस आणि तेच तीन प्रश्न, कोऱ्या चिठ्ठीवर, कार्ड न बघता. पहिल्या चिठ्ठीशेजारी ही ठेवून जिची तिने बघायची.

शेवटी उजळणीच्या स्लाइड दाखवण्याऐवजी ही चिठ्ठी का, तर रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग. विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्याने न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तर आठवून लिहिणारे. ते कॉलेजचे विद्यार्थी होते आणि मजकूर छोटा होता, हे खरं, पण प्रशिक्षकाने यातून एक खबरदारी घ्यावी. कार्यशाळा संपताना सगळ्यांना सगळं येतंय असं वाटणं ही शिकल्याची खूण नाही. ‘कार्यशाळा आवडली का’ या फॉर्मवर पाचपैकी पाच मिळणं हीसुद्धा नाही.

मग बघायचं कुठे? वॉर्डात. टिमोथी बाल्डविन आणि केविन फोर्ड यांनी १९८८ मध्ये प्रशिक्षणातलं कामावर का उतरत नाही याचा आढावा घेतला, तेव्हा शिकणारा, प्रशिक्षणाची रचना आणि कामाची जागा अशी तीन कारणं एकत्र मांडली. तिसऱ्याकडे प्रशिक्षकाचं लक्ष सहसा जात नाही. मेट्रनकडून दोन गोष्टी आधीच मागून घ्या. एक, दोन वाजता आणि आठ वाजता पंधरा मिनिटं दोन्ही पाळ्या एकत्र असतील अशी ड्युटी. दुसरी, त्या दोन आठवड्यांत इन-चार्जने रोज एकच ओव्हर बाजूला उभं राहून ऐकायचा आणि चार चौकटींच्या कागदावर खूण करायची: खाटेपाशी झाला का, आकडा आला का, कोणाला कळवायचं ते आलं का, परत म्हणून दाखवलं का. खूण करताना नाव लिहायचं नाही आणि तिथल्या तिथे बोलायचं नाही. हा कागद अप्रेझलला जोडला गेल्याचा नुसता वास जरी आला, तरी दुसऱ्या दिवसापासून सगळ्या चौकटी भरलेल्या दिसतील आणि तुम्हाला काहीच कळणार नाही. कार्यशाळेच्या आधीच्या पाहणीत हेच चार मुद्दे मोजलेले असतील तर आधी आणि नंतर असे दोन आकडे तुमच्या हाती येतात. अनुभवाने सांगतो, खाटेपाशी जाणं लगेच वाढतं, परत म्हणणं सर्वांत हळू. देणाऱ्या सिस्टरला वाटतं, हिला परत विचारलं तर हिचा अपमान होईल. ही गोष्ट इन-चार्जने स्वतः ओव्हर घेताना परत म्हणून दाखवलं की सुटू लागते.

दुसरं सत्र चाळीस मिनिटांचं. पहिली दहा मिनिटं कार्ड न देता त्यावरच्या ओळी आणि ‘कारण’चं वाक्य आठवून लिहायचं. मग वीस मिनिटं त्याच तीन-तीनच्या गटांत प्रत्येकीने या दोन आठवड्यांतला एक खरा ओव्हर सांगायचा, जिथे हे जमलं नाही असा. बाकी दोघींनी तो नीट करून दाखवायचा. ही केस आता तुम्हाला लिहावी लागत नाही, ती त्यांच्याकडून येते, आणि पहिल्या दिवशी न जमणारी मोकळी चर्चा इथे जमते, कारण बोलायला त्यांच्याकडे ठोस काहीतरी असतं. शेवटची दहा मिनिटं मेट्रनची: भिंतीवरच्या कागदाची उत्तरं.

अठरा जणी एकाच दिवशी वॉर्डाबाहेर काढता येणार नाहीत, नाइटवाल्या तर येणारच नाहीत. नऊ-नऊच्या दोन तुकड्या करा, म्हणजे सहा गटांपैकी एका वेळी तीनच असतील. नाइट ड्युटी संपवून आलेल्या सिस्टरला सकाळी आठनंतर बसवू नका, तिची तुकडी तिच्या ऑफनंतरच्या पहिल्या मॉर्निंगला जोडा. आणि ऐन वेळी वेळ कापला गेला, ऐंशीऐवजी पन्नासच मिनिटं मिळाली, तर सरावाच्या फेऱ्या कापण्याचा मोह होईल, कारण त्या काढल्या तरी कार्यशाळा पूर्ण झाल्यासारखी दिसते. तेव्हा स्वागत सोडा, पहिली केस दहा मिनिटांत घ्या, बाराऐवजी पाच मिनिटं बोला, नमुन्याचा ओव्हर कार्डामागे वाचायला द्या, ‘जेव्हा-तेव्हा’चं वाक्य घरून लिहून आणायला सांगा, पण तीस मिनिटांच्या तिन्ही फेऱ्या पूर्ण घ्या आणि उरलेल्या पाच मिनिटांत शेवटची चिठ्ठी लिहून घ्या.